बाटली तेरा दिवसांची

सात मार्चला सकाळी मावशी दुकानात आल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "ताई, इन्सुलिनची एक बाटली द्या." मी बाटली काढायला फ्रिजकडे वळले आणि वळता वळता थांबले. मागची बाटली त्यांनी कधी नेली होती? बिलं चाळली. तीन फेब्रुवारी. म्हणजे एक बाटली बत्तीस दिवस चालली होती आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे तळाशी अजून थोडं औषध शिल्लक होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. मावशी जवळच्या वाडीवरून एसटीने येतात. त्यांना सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट असं इन्सुलिन चालू होतं, म्हणजे दिवसाला ३० युनिट. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली साधारणपणे १० मिलिलिटरची असते आणि एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. बाटलीत झाले ४०० युनिट. ४०० ला ३० ने भागलं की तेरा दिवस आणि थोडं. हवेचा बुडबुडा काढताना दर वेळी थेंबभर औषध जातं, ते धरलं तर साडेबारा. त्याआधी त्या बारा-तेरा दिवसांनीच येत होत्या.

तेरा दिवसांची बाटली बत्तीस दिवस पुरली, तर औषध अंगात गेलेलंच नाही. पहिला संशय येतो तो डोस चुकवल्याचा. पण मावशी शपथेवर सांगत होत्या की एकही वेळ चुकवली नाही, आणि मला ते खरं वाटत होतं, कारण बाई घड्याळ लावून जेवणाऱ्या. रक्तातली साखर मात्र उपाशीपोटी २८० वर गेली होती. मी म्हटलं, "मावशी, सुई दाखवा बरं." त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली. तिची टोपी नारिंगी होती.

४० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपीची असते आणि १०० युनिटच्या इन्सुलिनची नारिंगी टोपीची. दोन्हींत औषध एकच मिलिलिटर मावतं, पण पहिलीवर खुणा ४० पर्यंत असतात आणि दुसरीवर १०० पर्यंत. त्यामुळे नारिंगी सिरिंजवर १८ च्या खुणेपर्यंत ओढलं की हाती येतं फक्त ०.१८ मिलिलिटर. ४० च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर ते होतात सात युनिटांच्या आसपास. रात्रीचे १२ होतात जेमतेम पाच. दिवसाचे ३० युनिट उरले १२ वर. आता ४०० ला १२ ने भागून पाहा. उत्तर तेहतीस दिवस येतं. पुण्याहून आलेल्या भाच्याने मावशींना सिरिंजचं पाकीट आणून दिलं होतं. त्याने आणलेली वस्तू चांगलीच होती, फक्त या बाटलीची नव्हती.

औषध किती दिवस पुरेल याचा हिशोब लोकांना दुकानदाराच्या सोयीचा वाटतो. त्या दिवशी साखर का वाढली हे शोधून दिलं ते या भागाकाराने. पुढे काय करायचं यालाही एक बाजू आहे. नारिंगी काढून लाल दिली की काम झालं, असं नसतं. मधल्या काळात साखर चढलेली पाहून डॉक्टरांनी डोस वाढवला असता, तर तो वाढवलेला आकडा लाल सिरिंजवर घेतल्याबरोबर साखर धोकादायक रीतीने खाली आली असती. म्हणून मी काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढलेला नव्हता. त्यांनी जुनाच डोस लाल सिरिंजने चालू ठेवायला आणि १२ मार्चला दाखवायला यायला सांगितलं.

आता या हिशोबाची साधी बाजू पाहू. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ लिहिलेलं असतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रोजच्या गोळ्या दोन. त्याला दिवसांनी गुणलं की किती द्यायच्या ते कळतं, आणि दिलेल्या गोळ्यांना रोजच्या गोळ्यांनी भागलं की किती दिवस पुरतील ते कळतं. गणित चौथीचं आहे. चूक होते ती "एक महिन्याच्या गोळ्या द्या" या वाक्यात, कारण महिना ही मोजायची गोष्ट नाही. महिना कधी अठ्ठावीस दिवसांचा असतो, कधी एकतीस, आणि गोळ्यांच्या स्ट्रिपचा महिना आणखी वेगळा असतो.

बहुतेक स्ट्रिप दहाच्या किंवा पंधराच्या असतात. काही चौदाच्याही असतात. रोज एक गोळी असेल तर पंधराच्या दोन स्ट्रिप तीस दिवस जातात, चौदाच्या दोन अठ्ठावीस दिवस. गिऱ्हाईक दोन्ही वेळा "दोन स्ट्रिप म्हणजे महिना" असंच धरून चालतं. तारीख ठरवून दर महिन्याच्या पाच तारखेला येणाऱ्या माणसाला चौदाच्या स्ट्रिप मिळत असतील, तर दर खेपेला दोन-तीन दिवस गोळी नसते. रक्तदाबाची गोळी अशी मध्येच तुटते आणि कोणाला काही जाणवत नाही, कारण वाढलेला रक्तदाब दुखत नाही. त्यामुळे कंपनी बदलून दुसरी गोळी देताना मी आता स्ट्रिपमधला आकडा मोठ्याने वाचून दाखवते.

डॉक्टर "तीन महिन्यांनी या" म्हणतात तेव्हाही असंच होतं. मावशी १२ मार्चला डॉक्टरांकडे गेल्या. पुढची तारीख मिळाली १२ जून. नवी चिठ्ठी १३ मार्चच्या सकाळपासून लागू. मार्चचे १९ दिवस, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे १२ मिळून ९२ दिवस होतात. साखरेची मेटफॉर्मिन १-०-१ आहे, म्हणजे १८४ गोळ्या. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस धरून १८० दिल्या असत्या, तर अकरा आणि बारा जूनला गोळी नसती. तपासणीच्या दिवशीच नसती, आणि डॉक्टरांनी त्या दिवशीची साखर पाहून औषध ठरवलं असतं.

पण १८४ हा आकडाही जसाच्या तसा उचलून चालत नाही. घरात काय आहे ते आधी विचारावं लागतं. मावशींना मी डब्यासकट यायला सांगितलं होतं. काउंटरवर डबा उघडला, तर मेटफॉर्मिनच्या २२ गोळ्या, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनच्या सहा आणि कोलेस्टेरॉलच्या अॅटोरव्हास्टॅटिनची एकही नाही. तिन्ही गोळ्या त्या एकाच दिवशी घेऊन जातात, मग शिल्लक वेगवेगळी कशी? कारण तीन स्ट्रिपांचे तीन आकडे असतात आणि प्रत्येक खेपेला त्यांतला फरक थोडा थोडा साठत जातो. मग माणूस महिन्यात तीनदा एसटीने येतो, किंवा एक गोळी संपल्यावर बाकीच्या संपेपर्यंत थांबतो. दुसरा प्रकार मी जास्त पाहिला आहे. तिकिटाचे पैसे वाचतात आणि गोळी राहते.

यावर उपाय म्हणजे सगळी औषधं एकाच दिवशी संपतील असं एकदा बसवून घेणं. पहिला टप्पा तीस दिवसांचा धरला, १३ मार्च ते ११ एप्रिल. मेटफॉर्मिन लागणार साठ, घरात बावीस, म्हणून द्यायच्या अडतीस. टेल्मिसार्टन तीस लागणार, घरात सहा, म्हणून चोवीस. अॅटोरव्हास्टॅटिन पूर्ण तीस. अडतीस आणि चोवीस देण्यासाठी स्ट्रिप कापावी लागते. कापलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा औषधाचं नाव किंवा मुदतीची तारीख राहत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर तो तुकडा कशाचा हे ओळखू येत नाही. म्हणून मी शक्यतो पूर्ण स्ट्रिप देते आणि वर गेलेल्या गोळ्या चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवते. मेटफॉर्मिनच्या चार स्ट्रिप म्हणजे चाळीस, दोन जास्त. टेल्मिसार्टनच्या पंधराच्या दोन, सहा जास्त. पुढच्या खेपेला ते दोन आणि सहा आधी वजा होतात. गिऱ्हाइकाला कापूनच हवी असेल, तर नाव, बॅच नंबर आणि मुदत दिसेल असा तुकडा देते, आणि या तिन्ही गोष्टी बिलावर असतातच, ते बिल डब्यात ठेवायला सांगते.

एका चिठ्ठीवर किती वेळा औषध द्यायचं हेही दुकानदाराच्या मर्जीवर नसतं. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती औषध द्यायचं तो आकडा असला पाहिजे. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. किती वेळा किंवा किती दिवसांनी द्यायचं ते लिहिलं असेल, तर त्याप्रमाणेच. आणि दर वेळी दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. हा शिक्का पाहून लोक वैतागतात, पण त्याच शिक्क्यावरून दुसऱ्या दुकानदाराला कळतं की मागचं औषध कधी दिलं गेलं. चिठ्ठीवर नुसतं "चालू ठेवा" असेल, तर डॉक्टरांकडून "९२ दिवस, तीस-तीस दिवसांनी" असं लिहून घ्यावं. दोन ओळींचं काम आहे आणि पुढचे तीन महिने वाद राहत नाही.

मावशींच्या चिठ्ठीत १२ मार्चला आणखी एक बदल झाला. सिरिंजचा घोळ पुन्हा नको म्हणून डॉक्टरांनी त्यांना पेन दिलं. पेनमध्ये ३ मिलिलिटरचं कार्ट्रिज बसतं. हे १०० युनिटचं इन्सुलिन, म्हणजे एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. डोस तोच, १८ आणि १२. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने चटकन हिशोब केला की ३०० भागिले ३०, दहा दिवस, म्हणजे महिन्याला तीन कार्ट्रिज. गर्दी होती, मी पाहिलं नाही, आणि तीन कार्ट्रिज गेली.

त्या हिशोबात एक गोष्ट राहिली होती. पेनने इन्सुलिन घेण्याआधी दर वेळी दोन युनिट हवेत सोडून पाहायचे असतात. सुईच्या टोकावर थेंब दिसला की सुई मोकळी आहे आणि आत हवा नाही हे कळतं. हे टाळलं तर कधीकधी सुई टोचते आणि औषध पूर्ण जातच नाही. म्हणजे सकाळी १८ नव्हे, २० लागतात आणि रात्री १२ नव्हे, १४. दिवसाला चौतीस. आठ दिवसांत २७२ युनिट संपतात, नवव्या दिवशी सकाळी आणखी २०, आणि कार्ट्रिजमध्ये उरतात आठ. रात्रीला चौदा हवेत. उरलेलं औषध घेऊन बाकीचं नव्या कार्ट्रिजमधून घेता येतं, पण त्यासाठी दोनदा टोचावं लागतं, आणि सत्तरीच्या बाईकडून कोणी ही अपेक्षा करू नये. म्हणून एक कार्ट्रिज साडेआठ दिवसांचं धरायचं. तीन कार्ट्रिज साडेपंचवीस दिवस. सात एप्रिलला सकाळी तिसरं संपलं. तीस दिवसांसाठी चार लागतात आणि ती चौतीस दिवस जातात. भाचा त्या संध्याकाळी शेवटच्या गाडीने आला म्हणून रात्रीचा डोस चुकला नाही.

इन्सुलिनच्या हिशोबाला आणखी एक मर्यादा असते आणि ती उलट्या बाजूने येते. ज्यांचा डोस कमी असतो त्यांना औषध भागाकाराने खूप दिवस पुरतं. समजा एखाद्याला रात्री फक्त आठ युनिट आहेत आणि तो ४०० युनिटची बाटली वापरतो. भागाकार सांगतो पन्नास दिवस. पण उघडलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडेच वापरायचं असतं. काही प्रकारांना जास्त दिवस चालतं, आणि नेमका आकडा बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात असतो. त्यानंतर बाटलीत औषध दिसतं, पण त्याची ताकद तेवढी राहिल्याची खात्री नसते. अशा माणसाला बाटली अठ्ठावीस दिवसांची सांगायची आणि उरलेलं टाकून द्यायला सांगायचं. हे सांगणं जड जातं. अर्धी बाटली टाकायची म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने पाहतो की मी त्याला लुटायला बसले आहे. मी त्याला उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायला लावते आणि अशा कमी डोसवाल्यांसाठी डॉक्टरांना लहान पॅक किंवा पेन लिहिता येईल का ते विचारते.

आतापर्यंत औषध हिशोबापेक्षा जास्त दिवस पुरणं हे धोक्याचं लक्षण पाहिलं. कमी दिवस पुरणंही तितकंच, आणि कधी जास्तच, धोक्याचं असतं. याचं सगळ्यात भीतीदायक उदाहरण मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ७.५ मिलिग्रॅमची एक गोळी, दर रविवारी. अठ्ठावीस दिवसांत चार गोळ्या. दहाची एक स्ट्रिप दहा आठवडे जायला हवी. आता एखादा माणूस ही स्ट्रिप नेऊन दहा-बारा दिवसांत पुन्हा तीच मागायला आला, तर त्याने बहुधा रोज एक घेतली आहे. रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट रक्तपेशी तयार होणं थांबवतं, तोंडात फोड येतात, ताप येतो आणि माणूस जिवाला मुकू शकतो. अशा वेळी दुसरी स्ट्रिप देऊ नये, त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावं, आणि आपण स्वतः फोन करावा. म्हणूनच या औषधाच्या चिठ्ठीवर आठवड्याचा वार लिहिलेला असावा आणि दुकानाने चारच गोळ्या द्याव्यात असं मला ठामपणे वाटतं, स्ट्रिप कापावी लागली तरी. घरात दहा गोळ्या पडून असणं हीच या औषधात चुकीची सुरुवात असते.

उशिरा येणाऱ्यांबद्दल एवढं सांगते की प्रत्येक वेळी चूक सिरिंजचीच नसते. साठ मेटफॉर्मिन तीस दिवस जायला हव्यात. माणूस चाळीसाव्या दिवशी आला, तर तो रोज दीड गोळी घेतो आहे, म्हणजे दर चार गोळ्यांमागे एक सुटते आहे. औषध नियमित घेणं मोजताना संशोधक शंभरपैकी ऐंशी दिवस ही रेघ धरतात, आणि हा माणूस तिच्याखाली आहे. त्याला "गोळ्या घेत नाही का?" असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार. "रात्रीची गोळी घेतल्यावर पोटात काही होतं का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. मेटफॉर्मिनने बऱ्याच जणांना जुलाब लागतात. जेवणानंतर घेतल्याने किंवा डॉक्टरांनी हळूहळू सुटणारी गोळी दिल्याने ते कमी होतात. काहींच्या बाबतीत कारण पैशाचं असतं, आणि मग स्वस्त पर्याय शोधायचा असतो. माझ्या काउंटरवर आलेली बहुतेक उशिराची माणसं या दोनपैकी एका कारणाने उशिरा आलेली होती.

मावशींसाठी मी ९२ दिवसांचं इन्सुलिनही मांडून पाहिलं होतं. साडेआठ दिवसांना एक, म्हणजे अकरा कार्ट्रिज. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम देता येतात, इन्सुलिन नाही, कारण न उघडलेली कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. मावशींच्या घरी फ्रिज नाही, शेजारच्या मास्तरांकडे आहे. वापरातलं पेन त्या माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवतात, पण एप्रिल-मेच्या उन्हात अकरा कार्ट्रिज परक्या फ्रिजमध्ये ठेवून सारखी ये-जा करणं शक्य नव्हतं. तीन नेलेली होतीच, बाकी आठ. ती मी दोन खेपांत चार-चार द्यायची ठरवली. चिठ्ठीच्या मागे दोन तारखा लिहिल्या, सात एप्रिल आणि दहा मे, आणि प्रत्येकीपुढे चार. दुसऱ्या खेपेला मावशी नऊ मेला, एक दिवस आधीच आल्या. हातात मास्तरांच्या मुलीने लिहिलेला कागद होता. त्यावर चारही कार्ट्रिज उघडल्याच्या तारखा एकाखाली एक होत्या.